शिरपूरजवळ मागे राहिलेला चपलांचा एक जोड: यावर लिहायचं तर कसं?

तापीकाठ

मंडळी, एका लेखात अडकले आहे. मदत हवी आहे.

२०२० च्या मे महिन्यात आम्ही दहा-बारा जण शिरपूरच्या अलीकडे, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, पाणी, खिचडी आणि रबरी चपला घेऊन बसायचो. टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेली माणसं दिवसभर यायची. एका सकाळी सहा जणांचा गट थांबला. त्यातल्या चाळिशीच्या एका माणसाने आमच्याकडचा नवा जोड घेतला आणि जुना टेबलाखाली सारून ठेवला. "ये ले जाएंगे?" असं मी विचारलं. "फेंक दीजिए," तो म्हणाला. आमचं बोलणं एवढंच.

मी ते फेकले नाहीत. रिकाम्या खोक्यात ठेवले आणि ते खोकं आजही माळ्यावर आहे. आता एका दिवाळी अंकासाठी त्या जोडावर लिहायला बसले आहे. सुरुवात अशी केली आहे:

"चौदाशे किलोमीटरची वेदना या चपलांनी मुकाट झेलली होती. तळव्याला पडलेल्या भोकातून त्या बिचाऱ्या मजुराचे रक्ताळलेले पाय बोलत होते."

चार वेळा वाचलं, चारही वेळा खटकलं. त्याचे पाय रक्ताळलेले मी पाहिलेच नव्हते. पण हे काढलं तर काय उरतं, तेही कळत नाही.

जोडाचं वर्णन देते. दोन्ही तळ निळे. डाव्या चपलेचा पट्टा निळा, उजवीचा पांढरा. डावीला चवड्याखाली रुपयाएवढं आरपार भोक आहे, टाचेची बाहेरची कड जवळपास गेली आहे. उजवी त्या मानाने जाड आहे, पण तिची अंगठ्याची खुंटी तळातून निसटलेली आहे आणि खालून काळ्या तारेने आवळली आहे. दोन्हींना डांबर आणि बारीक खडी चिकटली आहे.

सरळरेषा

पहिला प्रश्न, चौदाशे कुठून आले? मुंबईहून शिरपूर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तो माणूस तुमच्यासमोर होता तेव्हा घरी पोचलेलाच नव्हता. पुढचे हजार किलोमीटर या चपलेने चाललेले नाहीत, ते तुम्ही दिलेल्या नव्या जोडाने चालले असतील. हा आकडा काढून टाका.

मात्र भोक पडेपर्यंत झीज आहे म्हणजे तो मुंबईपासून सगळं अंतर चालत आला हे नक्की. तेवढं बिनधास्त लिहा, पुरावा तुमच्या हातात आहे.

तापीकाठ

चौदाशे मी पूर्वांचल गृहीत धरून लिहिले होते. गाव मी विचारलंच नव्हतं. काढते.

आरी

सरळरेषा, तुमचा पहिला मुद्दा बरोबर, दुसरा नाही. आमचं चप्पल दुरुस्तीचं दुकान आहे, वडील त्याआधी कोपऱ्यावर बसायचे. चपलेच्या झिजेवरून अंतर मोजता येत नाही. चप्पल निघताना किती जुनी होती ते माहीत नसेल तर झिजेचा आकडा निरर्थक आहे. बांधकामावर वापरलेल्या सपाता वाळू-खडीत चार महिन्यांत जेवढ्या झिजतात तेवढ्या घरात वापरून चार वर्षांत झिजत नाहीत. ती निघाली तेव्हाच अर्धी गेलेली असू शकते.

पण जुनी झीज कुठली आणि ताजी कुठली, हे थोडंफार ओळखता येतं. तापीकाठ, उजेडात घेऊन भोकाची कड पाहा. जुनी कड घासून गुळगुळीत होते आणि तिच्यात मळ मुरून ती काळी पडते. नवी फाटलेली कड खरखरीत असते, बोट फिरवलं तर रबराचा भुगा लागतो आणि आतला मूळ रंग दिसतो. चिकटलेलं डांबर कडेच्या वरून आलंय की कड डांबरासकट तुटलीय, तेही पाहा. आणि टाचेजवळ तळावर कोरलेला नंबर दोन्हींवर वाचून सांगा.

टाचेच्या बाहेरच्या कडेबद्दल जास्त लिहू नका. बहुतेकांची टाच तिथेच झिजते. तुमची घरातली चप्पल उलटी करून बघा.

उजवीचा पांढरा पट्टा मात्र सांगण्यासारखा आहे. पट्टा बदललेला दिसतोय. टाळेबंदीत आमची दुकानं बंद होती, रस्त्यावर बसणारेही उठले होते. म्हणजे पट्टा २४ मार्चच्या आधी बदलला आणि तार त्यानंतर, वाटेत बांधली. तेव्हा पट्टा बदलून घ्यायला दुकान होतं, तार बांधली तेव्हा नव्हतं. एवढं त्या एका चपलेवर दिसतं.

पायीवारी

मी अकरा वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी जातो, त्यामुळे सांगतो. अडीचशे किलोमीटरमध्ये चपलेचं काय होतं ते मला ठाऊक आहे. जुनी, पायाला बसलेली चप्पल घालावी, नवी कधीच नाही. अंगठ्याच्या बेचक्यात खोबरेल लावावं, रात्री पाय उंच ठेवून झोपावं. लेखात हे द्या, वाचणाऱ्यांना उपयोग होईल. चालण्यात एक आनंद असतो, तोही यावा.

उमरखेडकर

वारीचं मनापासून आदराने ऐकलं. पण आम्ही वारीला निघालो नव्हतो, साहेब.

मी त्या एप्रिलमध्ये चाकणहून निघालो, आम्ही सात जण. वारीत पुढच्या मुक्कामाला जेवण असतं, लोक वाट बघत असतात. आम्हाला वेशीवरूनच लोक हाकलायचे. त्यांचीही भीती खरी होती. पण पाणी मागायला गेलं की आधी काठी दिसायची.

मी बाकी कुठे लिहीत नाही, इथे नुसता वाचतो. पण चपलेचं निघालं म्हणून सांगतो. मी शिक्रापूरपासून पुढे बराचसा रस्ता चप्पल हातात घेऊन चाललो. डांबराच्या कडेला मातीची पट्टी असते, पहाटे ती गार असते. तिथे अनवाणी चालायचो आणि चप्पल पिशवीत ठेवायचो, ऊन चढलं की घालायला. एकच जोड होता. तो तुटला तर दुपारी डांबरावर पाय ठेवता आला नसता. म्हणजे माझी चप्पल बघून कुणी म्हणालं असतं, हा फार चाललेला दिसत नाही.

आणि सगळं चाललोही नाही. नगरच्या पुढे कांद्याच्या टेम्पोने बीडपर्यंत आणलं. मग परत चाललो. कुणी "चाकण ते उमरखेड पायी" लिहिलं तर ऐकायला मोठं वाटेल, पण ते खरं नाही. त्या टेम्पोवाल्याने धोका पत्करला, तोही त्यात पुसला जातो.

सरळरेषा

हातात चप्पल घेऊन चालणं माझ्या हिशेबात नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो.

तापीकाठ

आरीदादा, खोकं काढलं. भोकाच्या टाचेकडच्या कडा गुळगुळीत आणि काळ्या आहेत. पुढच्या, बोटांकडच्या कडा खरखरीत, आत स्वच्छ निळा रंग. डांबर काळ्या कडेवर बसलेलं आहे. खरखरीत कडेवर डांबर नाहीच.

आणि नंबर. डावीवर ८. उजवीवर ९.

मी पाच वर्षं याला "जोड" म्हणत आले.

आरी

मग माझं पट्ट्याचं म्हणणं मागे घ्यावं लागेल. पट्टा बदललाच नसेल. ती मुळात पांढऱ्या पट्ट्याचीच दुसरी चप्पल असेल. दुकानाबद्दल मी जे सांगितलं ते लेखात घालू नका. बरं झालं आधी नंबर बघितला.

भोकाबद्दल आता एवढं म्हणता येईल: निघताना भोक होतं, लहान होतं, वाटेत ते पुढच्या बाजूला वाढलं. डांबर जिथे चिकटलं ती कड त्याआधीची आहे, खरखरीत कड त्यानंतरची, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली. उन्हात रबर मऊ पडतं, त्यात पातळ झालेली जागा चवड्याखाली दुमडून फाटते. भोक असलेली सपाता घालून खानदेशच्या मे महिन्यात डांबरावर चालणं म्हणजे चवड्याचा रुपयाएवढा भाग थेट रस्त्याला लागणं. हे लिहायला रक्त लागत नाही.

एक विचारतो. तार कशी पिळली आहे? सैल, लांब टोकं सुटलेली, की घट्ट?

तापीकाठ

घट्ट, एकसारखे पीळ. टोकं आत वळवून रबरात दाबली आहेत, बाहेर टोचत नाहीत. खुंटीच्या खाली रबराचा गोल तुकडा ठेवून त्यावरून तार घेतली आहे.

आरी

मग तार बांधणाऱ्या हाताला तारेची सवय आहे. सळया बांधायची काळी तार आणि फिटर लोकांचा पीळ असाच असतो. नवखा माणूस प्लास्टिकची दोरी बांधतो, ती दोन किलोमीटरमध्ये घासून तुटते. खुंटीखाली रबराचा तुकडा ठेवायचं ज्याला सुचलं त्याला माहीत होतं की नुसती तार मऊ रबर कापून वर येते.

नोंदवही

म्हणजे "तो लोखंडकाम करणारा कामगार होता" असं लिहिता येईल?

उमरखेडकर

नाही. आमच्यात एकच फिटर होता, त्याने सातही जणांच्या चपला बांधल्या. तार पिळायचा हुक त्याच्या पिशवीत होता. कंपनीच्या गेटवर सामान ठेवून घेतलं तेव्हा हुक त्याने कमरेला लपवला होता. "पुढे जाऊन काम मागायला हे लागेल," म्हणाला.

वेगवेगळ्या नंबरचंही तसंच. आमच्यातल्या एकाची डावी चप्पल नाल्यात गेली. रस्त्याच्या कडेला एकेकट्या चपला खूप पडलेल्या असायच्या. त्यातली पायाला येईल ती घेतली. दुसऱ्याची उष्टी चप्पल घालायला त्याला दोन तास लागले. गावाकडे मोठ्या घरातला तो. ते दोन तास मला अजून आठवतात, पायाच्या फोडांपेक्षा जास्त.

तापीकाठ

हे मी असंच्या असं वापरलं तर चालेल का? की तुम्ही लिहाल?

उमरखेडकर

माझं वापरा, गाव आणि कंपनी देऊ नका. त्या दुसऱ्या माणसाचं नको. ते त्याचं आहे. इथे लिहिलं हेही जास्त झालं की काय असं वाटतंय.

रानजाई

मला वाटतं लेखाची सुरुवात करमाडपासून व्हावी. ८ मे २०२०, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले कामगार, १६ जण मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्या आणि चपला साऱ्या देशाने पाहिल्या. चपलेवर लिहायचं आणि ते वगळायचं, असं कसं चालेल?

नोंदवही

मी त्या काळात बातमीदारी केली आहे. करमाड घ्यायचं की नाही हे लेखिकेने ठरवावं, पण घेतलं तर नीट घ्यावं.

तेव्हा काय झालं ते सांगते. ती माणसं भुसावळकडे निघाली होती, तिथून गाडी मिळेल या आशेने. वीस जण होते. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. थकून रुळांवर झोपले. वाचलेल्यांनी सांगितलं की पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या भाकऱ्या आणि चपला. अर्जाचा फोटो निघत नाही. आणि "रुळावर झोपलेच कशाला" असं विचारणारेही तेच फोटो बघत होते.

तापीकाठ, तुमच्या जोडाचा माणूस जिवंत होता, चालत होता, तुमच्याशी बोलला. करमाडच्या शेजारी त्याची चप्पल ठेवली की वाचक त्याला मेलेला समजून वाचतो. त्यामुळे मी ते टाळेन.

दुसरं एक. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं आहे, "तो म्हणाला". चाळिशीचा अनोळखी माणूस. त्या दिवशी रस्त्यावर तपासणी करणारे डॉक्टर आले असते तर तुम्ही "ते म्हणाले" लिहिलं असतं. आपण सगळेच असं लिहितो. डॉक्टर आले, साहेब आले, मजूर आला. मी माझ्या जुन्या बातम्या काढून पाहिल्या. सरपंच, तहसीलदार, ट्रकमालक "ते", चालणारे सगळे "तो" किंवा घोळक्याने "लोंढा". लोंढा पाण्याचा असतो. "बिचारा" तर मी प्रत्येक बातमीत एकदा वापरलाय.

सरळरेषा

"ते" केल्याने काय होणार? कथेत "तो" ला जवळीक असते. सगळीकडे "ते" लिहिलं तर सरकारी पत्रासारखं वाटेल.

नोंदवही

जवळीक असेल तर "तो" लिहावं. इथे जवळीक चार शब्दांची आहे. मी "ते" लिहीन, आणि पुढे उमरखेडकरांसारखं कुणी स्वतः "मी" म्हणून बोललं तर त्यांचं "मी" तसंच ठेवीन.

उमरखेडकर

मला "तो" लिहिलं तरी चालेल. "मजूर" नको वाटतं. मी वेल्डर आहे.

पायीवारी

मी वर जे लिहिलं ते आता वाचून वाईट वाटलं. चालणं म्हटलं की मला वारीच आठवते. उमरखेडकर, माफ करा. आणि एक सांगतो, वारकरी म्हणूनच सांगतो: त्या चपलांच्या पादुका करू नका. चौरंगावर मांडून फोटो, खाली फुलं, असं दिवाळी अंकात होऊ शकतं. पादुकांसमोर माणूस हात जोडतो, पण त्या घालणाऱ्याला काय हवं होतं ते विचारत नाही.

तापीकाठ

संपादकांनी नेमकं तेच सुचवलं आहे. पूर्ण पानभर फोटो, काळ्या पार्श्वभूमीवर.

आणि आता माझा खरा प्रश्न. ते "फेंक दीजिए" म्हणाले होते. मी फेकलं नाही. त्यांना विचारता येईल असा काही मार्ग नाही. आमच्या वहीत नावं नाहीतच, फक्त "चपला ४० जोड" असं आहे, आणि त्याखाली नंबरांचा हिशेब. ८ आणि ९ नंबर दुपारपर्यंत संपायचे. बायकांच्या मापाचे आम्ही फार थोडे आणले होते आणि लहान मुलांचे एकही नव्हते. दुसऱ्या दिवशी आणले, पण आदल्या दिवशीची मुलं पुढे गेली होती.

रानजाई

मला हे वहीचं पान चपलेपेक्षा जास्त लागलं. मुलं चालतायत हे आणणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे लिहा.

आरी

फेकायला सांगितलेल्या वस्तूबद्दल दुकानातला नियम सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू दे, टाकून दे." वडील तिचा पट्टा, खुंटी काढून ठेवायचे, दुसऱ्या कुणाला लावायला. पण ती चप्पल कुणाची होती हे कुणाला सांगायचे नाहीत. फाटकी चप्पल टाकणाऱ्याला ती दिसायला नको असते, म्हणून तर तो टाकतो. मला वाटतं लिहायला हरकत नाही, फोटो नको.

नोंदवही

मी थोडी वेगळी. "फेंक दीजिए" हे त्या माणसाचं त्या चपलेबद्दलचं एकमेव मत आहे, आणि तुम्ही ते पाळलं नाही. हे लेखात आलंच पाहिजे. फोटो न छापल्याने तुमच्यावरचा भार हलका होत नाही. मुळात लिहायचं का, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

सरळरेषा

लिहिलं नाही तर काय उरेल? सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत सरकारने सांगितलं की परतताना किती कामगार मेले याची आकडेवारी नाही. परतलेल्यांचा आकडा मात्र एक कोटीच्या वर दिला. निदान एकेका माणसाचं एकेकाने लिहून ठेवलं तर ते असेल. मला संमतीपेक्षा हे मोठं वाटतं.

उमरखेडकर

सरळरेषा, तुमचं पटतं. नोंदवहींचंही पटतं. माझ्या चपलेचं कुणी लिहिलं असतं तर मला चाललं असतं. पण ठेकेदाराने आमचे दीड महिन्याचे पैसे दिले नाहीत हे पण लिहिलं असतं तर. चपलेवर सगळे रडतात. पैशावर बोललं की म्हणतात, ते वेगळं प्रकरण आहे. पैसे हातात असते तर मी चाललोच नसतो, खोली धरून थांबलो असतो. घरमालक भाडं मागत होता. एवढंच कारण आहे चालण्याचं.

पास काढायला गेलो तर डॉक्टरचा दाखला हवा होता. दाखल्याच्या रांगेत सकाळ गेली, दुपारी सांगितलं उद्या या. आम्ही उद्याची वाट बघितली नाही.

तापीकाठ

हे माझ्या जोडाच्या माणसाबद्दल मला माहीत नाही. पैसे मिळाले होते की नाही, पास होता की नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत लोकांना सोडायला सुरुवात केली होती. ते सहा जण त्याच सुमाराला आले. चार दिवस थांबले असते तर कदाचित बिजासनपर्यंत बस मिळाली असती. त्यांना ते कळलं नव्हतं का, की विश्वास नव्हता, हेही विचारलं नाही. मी खिचडी वाढत होते आणि मनात म्हणत होते, पुढच्यांना पुरेल का.

पुन्हा लिहून पाहिलं. हे बघा:

"माझ्या माळ्यावर दोन चपला आहेत. पाच वर्षं मी त्यांना जोड म्हणायचे. डावी ८ नंबरची, उजवी ९ ची. मे २०२० मध्ये, शिरपूरच्या अलीकडे, एका गृहस्थांनी त्या माझ्यासमोर काढून ठेवल्या आणि फेकून द्यायला सांगितल्या. मी फेकल्या नाहीत. त्यांचं नाव, गाव, काम मी विचारलं नव्हतं. डावीला भोक आहे. त्याची मागची कड जुनी आहे, पुढची त्या प्रवासातली. उजवीची खुंटी कुणीतरी सळयांच्या तारेने बांधली आहे, खाली रबराचा तुकडा ठेवून, टोकं आत वळवून, म्हणजे ती टोचणार नाहीत. ते हात त्यांचे की सोबत्याचे, मला माहीत नाही. नवा जोड घालण्यासाठी ते टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले, नव्या चपलेतून पाय दोनदा पुढे-मागे केला, आणि पुढे चालू लागले."

याच्यानंतर वहीचं पान येईल. मग उमरखेडकरांनी सांगितलेलं, त्यांच्या शब्दांत, गाव आणि कंपनी न देता. त्यात ठेकेदाराचे पैसे नक्की. फोटो नाही, संपादकांना कळवते. चालणार नसेल तर लेख मागे घेईन.

आरी

"पुढची त्या प्रवासातली" ऐवजी "पुढची ताजी" लिहा. मी कडा तुमच्या सांगण्यावरून वाचल्या, हातात घेऊन नाही.

रानजाई

"गृहस्थ" वाचून थांबले. चांगलं वाटलं.

उमरखेडकर

एक विचारू? खुर्चीवर खरंच बसले होते का? आम्हाला वाटेत कुणी खुर्चीवर बसू दिलं नाही. रोगाची भीती होती, सामान लांबूनच द्यायचे. तुमच्याकडे वेगळं असेल तर तसंच ठेवा.

तापीकाठ

तुम्ही विचारल्यावर डोळे मिटून आठवलं. खुर्ची आमच्यासाठी होती. टेबलापलीकडे चुन्याची रेघ मारली होती आणि सगळ्यांना तिच्या मागे थांबायला सांगायचो. चपला आम्ही रेघेवर ठेवायचो आणि मागे सरकायचो. ते बसले नव्हते. सोबतच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एकेक पाय उभ्यानेच घातला. आणि जुन्या चपला टेबलाखाली सारल्या असं मी वर लिहिलंय, तेही चूक आहे. त्या रेघेच्या त्यांच्या बाजूला होत्या. ते गेल्यावर मी रेघ ओलांडून उचलल्या.

दुरुस्त करते.